फोटो आईने काढलाय, म्हणून दोघांचीही डोकी अर्धी कापलीत

तीन वर्षं गणपतीला आम्ही दोघंही गावी आलो, पण एकमेकांना चुकवून. दादा चतुर्थीला येऊन दीड दिवसात परत, मी थेट गौरींना. आई दोन्ही वेळा तेच विचारायची, "त्याला फोन केलास का?" "तिला फोन केलास का?" कारण काय, ते घरातल्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी एवढंच समजा की कलमांची बाग होती आणि दोघांचाही आवाज मोठा आहे.

यंदा रेल्वेचं तिकीट चतुर्थीचंच मिळालं. (खरंच. वहिनी, हसू नकोस.)

पडवीत मोदक वळायला बसले तर समोर दादा. बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग त्याने एक मोदक वळला, मोजून पाच कळ्या, तोंड उघडं, सारण बाहेर. माझ्या ताटात सरकवला आणि म्हणाला, "हा तुझ्यावर गेलाय."

मी उकड परत मळली, त्याच्या बोटांना तेल लावलं. दुसरा नऊ कळ्यांचा झाला. फार काही बोललो नाही. चहा मात्र त्याने केला, आणि माझ्या कपात आलं नव्हतं. मला आलं चालत नाही, हे त्याच्या लक्षात होतं.

मी गौरी जाईपर्यंत आहे. त्यानेही रजा वाढवलीय म्हणे. विचारलं नाही, वहिनीकडून कळलं.

#पाचकळ्यांचामोदक #दादा