रविवारच्या मतदानाआधी सी-३०२ कडून: टँकर, टाकी, भाडेकरू आणि सहा मतं

नमस्कार मंडळी, सी-३०२ मधून ईराची आई. कमिटीच्या निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर मी उभी आहे हे बहुतेकांना माहितीये. महिला राखीवच्या २ जागांवर दोनच फॉर्म आले, त्या दोघी बिनविरोध झाल्या, त्यांचं अभिनंदन. "तू बाई असून जनरलमधून कशी" असं लिफ्टमध्ये दोघातिघांनी विचारलं, तर जनरल जागा सगळ्यांसाठी असते, बायकांनाही चालते, एवढंच.

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी टँकरचं. ग्रुपवर चार दिवस फिरतंय की गेल्या उन्हाळ्यात टँकरवर सहा लाख गेले आणि कोणीतरी खाल्ले, आणि काहीजण ते माझ्या प्रचाराचं म्हणून पुढे ढकलतायत. मी अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, कागद बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही, म्हणून रीतसर अर्ज देऊन सेक्रेटरी साहेबांकडे फाइल मागितली. त्यांनी एका शब्दाने कटकट न करता दिली, वर स्वतः शेजारी बसून वहीशी पावत्या जुळवून दाखवल्या. मार्च ते जून २६० टँकर, दहा हजार लिटरचा एक, १,२०० रुपये दर, म्हणजे ३,१२,००० रुपये. आपले ८४ फ्लॅट, घरटी साधारण ३,७०० पडतात. वॉचमनच्या वहीत प्रत्येक टँकरची वेळ आणि गाडीचा नंबर आहे, पावती त्याच पानाला स्टेपल केलेली, दोन पावत्यांवर तर चहाचे डाग पण आहेत. सहा लाख कुठून आला तर बजेटमध्ये पाणी, पंप रिपेअरिंग आणि टाकीसफाई एकाच ओळीत होती, ती बेरीज कोणीतरी टँकरची म्हणून वाचली. तेव्हा ते ट्रेझरर काकांचं बादलीवालं मीम कृपया डिलीट करा. माझ्या बाजूने टाकलं असेल तर आधी डिलीट करा.

आता माझं म्हणणं कुठे वेगळं आहे ते. पैसे खाल्ले नाहीत हे खरं, पण पाणी जातंय कुठे हा प्रश्न उरतोच ना. आणि हे शोधायला सुरुवात पण ए विंगच्या काकांनीच केली, जे माझ्याविरुद्ध उभे आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस टॉर्च घेऊन पंपरूममध्ये उतरला, रात्री महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही बंद करून टाकीत पट्टी सोडली, आणि सकाळी पाणी चार बोटं खाली. टाकीच्या मापाने हिशेब केला तर ते रात्रीचे दोन हजार लिटर होतात, म्हणजे पाच रात्रींत एक टँकर जमिनीत. फूटवॉल्व्हचं काही असेल असं आधी वाटलं होतं, पण प्लंबरने वरच्या टाकीकडची लाइन तोडून बघितली तरी लेव्हल उतरलीच, म्हणजे अंडरग्राउंड टाकीच झिरपतेय.

काकांच्या पॅनेलचं मत आहे की आधी बोअर खोल करू, कारण उन्हाळा तोंडावर आहे आणि टाकी रिकामी करून वॉटरप्रूफिंग करायचं म्हणजे आठवडाभर हाल. हा मुद्दा काही उगाच काढलेला नाही, डी विंगला वरच्या मजल्यावर प्रेशर येत नाही त्यांना विचारा आठवडाभर म्हणजे काय ते. माझं मत आहे की फुटक्या टाकीत बोअरचं पाणी ओतून उपयोग नाही, टाकी दोन कप्प्यांची आहे, एक कप्पा चालू ठेवून दुसरा करता येतो, आणि ते पावसाळ्यानंतर नाही तर आत्ताच, थंडीत, गंगापूर धरणात पाणी आहे आणि कपात नाही तोवर करायला पाहिजे. खर्च रिपेअर फंडातून, तीन कोटेशन सभेसमोर फोडायची. काकांचं पॅनेल निवडून आलं तरी हा कागद मी त्यांना देणार आहे, माझी काही मक्तेदारी नाही त्याच्यावर.

भाडेकरूंबद्दल मी जे बोलणारे त्याने काही मतं जातील, जाऊ दे. "भाड्याने दिलेल्या फ्लॅटला डबल मेंटेनन्स लावा" ही मागणी जोरात आहे, पण ते करता येत नाही. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, सरकारचा २००१ चा आदेश आहे, सभेत हात वर करून ठराव केला तरी तो टिकणार नाही. हॉस्पिटलमध्ये नाइट ड्यूटी करणाऱ्या त्या तीन मुली आपल्या बी विंगमध्ये राहतात, त्या रात्री दोनला गेट वाजवतात हा काही गुन्हा नाही. गाडी आडवी लावतात तो वेगळा विषय, त्याला दंड लावा, तो मालक लावतो त्यालाही लावा.

कन्व्हेयन्सची फाइल पूर्ण जुन्या कमिटीने उभी केलीये, इंडेक्स टू गोळा करायला त्यांनी किती जणांचे दरवाजे वाजवलेत ते मी बघितलंय. जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे, डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे आहे. कमिटी कुठलीही येवो, ते काम मागे पडायला नको, आणि मी आले तर सध्याच्या सेक्रेटरींनाच त्या फाइलवर ठेवा असं म्हणेन.

मी काय नवीन करणार, तर एकच. महिन्याचा जमाखर्च, एक पान, दहा तारखेच्या आत प्रत्येक विंगच्या नोटीस बोर्डवर. टँकरची ओळ वेगळी, पंपाची वेगळी. तसं असतं तर हे चार दिवसांचं भांडण झालंच नसतं.

एक अडचण आधीच सांगते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीचे रिटर्न असतात, तेव्हा मी रात्री नऊच्या आत घरी नसते. लिफ्ट बंद पडली तर तेव्हा मला नाही, मॅनेजरला फोन करा. ए विंगचे काका रिटायर्ड आहेत, ते दिवसभर हजर असतात, हा त्यांचा माझ्यापेक्षा मोठा प्लस पॉइंट आहे.

मतदान कसं हे पुष्कळांनी विचारलं म्हणून. सर्वसाधारण जागा ६ आहेत, उमेदवार आम्ही ८, प्रत्येक सभासदाला जास्तीत जास्त सहा फुल्या. सातवी मारली तर मतपत्रिका बाद. म्हणजे मला मत दिलं की काकांना देता येत नाही असं अजिबात नाही, दोघांनाही द्या, मी स्वतः त्यांना देणार आहे. आणि चेअरमन कोण हे रविवारी ठरत नाही, निवडून आलेली कमिटी नंतर आपल्यातून ठरवते, त्यामुळे "चेअरमनला मत द्या" असं कोणी म्हटलं तर हसून पुढे जा. फ्लॅटला एक मत, भाडेकरूंना मत नाही.

रविवारी सकाळी ९ ते ५, क्लबहाउस, आधार किंवा कुठलंही फोटोवालं ओळखपत्र आणा. ज्यांना टँकरच्या पावत्या स्वतः बघायच्यात त्यांनी शनिवारी संध्याकाळी सहाला ऑफिसमध्ये या, सेक्रेटरी साहेब फाइल घेऊन बसायला तयार झालेत, मी पण असेन.

ईराची आई, सी-३०२