आत्यांच्या औषधचिठ्ठीचा मराठी तर्जुमा

ती. आत्यांस सा. न.

सांधेवाताच्या डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दिलेली चिठ्ठी खाली मराठीत उतरवली आहे. जिथे अक्षर नीट लागले नाही तिथे डॉक्टरांनाच फोन करून विचारले. चिठ्ठीतील १-०-० या आकड्यांपैकी पहिला सकाळचा, मधला दुपारचा आणि शेवटचा रात्रीचा असतो.

मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम: आठवड्यातून एकदाच, फक्त रविवारी, रात्री जेवणानंतर एक गोळी. ही गोळी रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून सांधे कितीही दुखले तरी सोमवार ते शनिवार या गोळीला हातही लावू नये. सगळ्या गोळ्या एकाच डबीत ओतून ठेवण्याची तुमची सवय मला ठाऊक आहे, पण ही पट्टी मात्र वेगळीच ठेवा आणि गोळी घेतली की कालनिर्णयावर त्या रविवारी खूण करा. दुकानदाराने पुढच्या वेळी २.५ मिलिग्रॅमची पट्टी दिली तर तेवढ्याच मात्रेसाठी तीन गोळ्या लागतील; पट्टीवरचा आकडा बदललेला दिसला, तर गोळी घेण्याआधी मला फोन करा. एखादा रविवार चुकला तर आपल्या मनाने भरून काढू नका, मी डॉक्टरांना विचारून सांगेन.

फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम: हीदेखील आठवड्यातून एकदाच, मंगळवारी दुपारी जेवणानंतर एक गोळी.

प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम: सकाळी नाश्ता झाल्यावर एक गोळी, १५ दिवस, त्यापुढचे १५ दिवस अर्धी गोळी, आणि मग तपासणी. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच बंद करायची नाही.

थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम (जुनीच गोळी, मात्राही तीच): सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पाण्याबरोबर एक गोळी. चहा निदान अर्ध्या तासाने.

कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम: दुपारच्या जेवणानंतर एक गोळी. थायरॉक्सिननंतर किमान चार तास जायला हवेत, म्हणून ही सकाळी उरकून टाकू नये.

पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम: दुखले तरच एक गोळी, रोज नव्हे. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर, आणि दिवसभरात जास्तीत जास्त तीन. शेजारच्या काकूंच्या कंबरदुखीच्या गोळ्या यांच्या जोडीला चालणार नाहीत.

तोंडात फोड येणे, ताप, घसा धरणे, कोरडा खोकला, धाप लागणे किंवा अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग दिसणे, यांपैकी काहीही झाले तर मेथोट्रेक्सेटची पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे आहे. प्रेडनिसोलोन मात्र त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नये. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तर हा कागद आणि मूळ चिठ्ठी दोन्ही दाखवा.

आपला भाचा