रविवारच्या दहा किलोमीटरची आखणी : लक्ष्य ४९:४०

तुला ५० मिनिटांच्या आत यायचं आहे. मी तुझ्यासाठी ४९:४० धरलं आहे, म्हणजे वीस सेकंद हाताशी राहतील. हा आकडा हवेतून काढलेला नाही. तीन आठवड्यांपूर्वी तू एकटीनं, सोबतीला कुणी नसताना, पाच किलोमीटर २३:५० मध्ये धावलीस. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायचं पीट रीगेल यांचं सूत्र त्यावर लावून पाहिलं:

```
T2 = T1 × (D2 / D1)^1.06
```

अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते. २३:५० चे १४३० सेकंद, त्यावरून दहा किलोमीटरला ४९:४१ येतात. सूत्र म्हणजे हमी नव्हे, पण बुधवारच्या पाच इंटरव्हलमध्ये तू ४:५५ नं सुरू करून शेवटचा किलोमीटर ४:४८ ला संपवलास आणि पुढच्या दोन मिनिटांत बोलू लागलीस. माझा जास्त विश्वास त्यावर आहे.

आता मागच्या शर्यतीकडे बघ. पहिला किलोमीटर ४:४१, पहिले पाच २४:३८, उरलेले पाच २६:३४. एकूण ५१:१२, तेही सपाट रस्त्यावर. तुझी ताकद कमी पडली नव्हती, ती खर्च करण्याचा क्रम उलटा झाला होता. रविवारी तोच २४:३८ हा आकडा आपल्याला पुन्हा हवा आहे, पण दुसऱ्या पाच किलोमीटरला. पहिले पाच २५:०२ मध्ये, नंतरचे २४:३८ मध्ये. फरक फक्त चोवीस सेकंदांचा. दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा लवकर संपवणं याला निगेटिव्ह स्प्लिट म्हणतात, पण त्याचा अर्थ अर्धी शर्यत रमतगमत आणि अर्धी जीव खाऊन, असा नसतो. २०२० मध्ये व्हॅलेन्सियात जोशुआ चेप्टेगेईनं दहा हजार मीटरचा २६:११.०० हा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचे दोन अर्धे जेमतेम चार-पाच सेकंदांनी वेगळे होते आणि दुसरा अर्धा लवकर संपला होता. आपल्याला थोडी जास्त मोकळीक घ्यावी लागेल, कारण तुझ्यापुढे गर्दी असेल आणि वाटेत चढ आहे.

मार्ग पाच किलोमीटरच्या दोन फेऱ्यांचा आहे. आखणीच्या दृष्टीनं हे फार सोयीचं आहे, कारण प्रत्येक किलोमीटर तू दोनदा धावणार आहेस आणि दुसऱ्यांदा किती सेकंद कमी लागले पाहिजेत हे नेमकं सांगता येतं. हा तक्ता मनगटावरच्या पट्टीवर असाच लिही:

| टप्पा | पहिली फेरी | एकूण | दुसरी फेरी | एकूण |
|---|---|---|---|---|
| १ / ६ सपाट | ५:०३ | ५:०३ | ४:५७ | २९:५९ |
| २ / ७ सपाट, वळणं | ४:५९ | १०:०२ | ४:५६ | ३४:५५ |
| ३ / ८ चढ | ५:०६ | १५:०८ | ५:०२ | ३९:५७ |
| ४ / ९ उतार | ४:५५ | २०:०३ | ४:५१ | ४४:४८ |
| ५ / १० सपाट | ४:५९ | २५:०२ | ४:५२ | ४९:४० |

पहिल्या किलोमीटरबद्दल मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण आखणी मोडते ती तिथेच. आठवडाभर सराव कमी केलेला असतो, पाय ताजे असतात, आजूबाजूचे सगळे सुटलेले असतात. त्यात शरीराची एक अडचण असते: ऑक्सिजन घेण्याचं काम पूर्ण वेगात यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर धाप लागत नाही, हृदयाचे ठोकेही मागे रेंगाळतात. त्यामुळे ४:४० चा पेस तुला ५:०५ सारखा सोपा वाटतो आणि जाणवतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पहिल्या किलोमीटरला 'कसं वाटतंय' या प्रश्नाचं उत्तर विश्वासाचं नाही. तिथे फक्त घड्याळ. पहिल्या चारशे मीटरला दोन मिनिटं लागली पाहिजेत. १:५५ च्या आत गेलीस तर लगेच आवर, पुढच्या खुणेची वाट पाहू नकोस. लोक तुला ओलांडून जातील, पुष्कळ जातील. त्यांतले बरेच जण तुला आठव्या-नवव्या किलोमीटरला परत भेटतील.

सुरुवातीच्या रांगेत ५० मिनिटांच्या गटाच्या मागच्या बाजूला उभी राहा. सुटायला दहा-पंधरा सेकंद उशीर झाला तरी चालेल. तुझी वेळ चिपवर धरली जाते, आणि घड्याळ सुरू करायचं ते बंदुकीच्या आवाजाला नव्हे, चटईवर पाय पडल्यावर. गर्दीत फटी शोधत डावीकडून उजवीकडे पळू नकोस. त्या नागमोडीत अंतर वाढतं आणि प्रत्येक वेळी वेग उचलावा लागतो.

दुसरा किलोमीटर ४:५९. इथे श्वास बसतो, तीन-चार शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे. वळणांवर आतली कड धर. मार्ग मोजणारे सर्वांत जवळच्या रेषेनं मोजतात आणि मार्ग आखूड पडू नये म्हणून दर हजार मीटरला एक मीटर वाढवून ठेवतात. तू वळणं बाहेरून घेतलीस की त्यावर आणखी भर.

तिसऱ्या किलोमीटरचा चढ लांब आहे, तीव्र नाही. इथे ५:०६ दिलंय आणि त्याचा अर्थ खरोखर ५:०६ असाच आहे. चढावर पेस नाही, कष्ट सारखे ठेवायचे. पावलं थोडी आखूड, हात थोडे जोरात, नजर दहा-बारा मीटर पुढे. पहिल्या फेरीत हा चढ ४:५८ नं चढलीस तर आठ सेकंद मिळाल्यासारखे वाटतील, पण दुसऱ्या फेरीत याच चढावर त्याची किंमत त्याहून जास्त मोजावी लागेल. लॅक्टेट एकदा वेगानं साचायला लागलं की पेस जरासा कमी करून ते निवळत नाही. बराच कमी करावा लागतो, आणि तेवढी उसंत दहा किलोमीटरमध्ये मिळत नाही.

चौथ्याला उतार आहे, ४:५५. ब्रेक लावू नकोस, मुद्दाम ढकलूही नकोस. पाचवा ४:५९, आणि पाण्याचं टेबल याच टप्प्यात आहे. तोंड ओलं करण्यापुरते एक-दोन घोट घे, पेला चिमटीत दाबून, धावणं न थांबवता.

पाच किलोमीटरच्या खुणेवर एक निर्णय घ्यायचा आहे. घड्याळात २४:५५ ते २५:०८ यांमध्ये काहीही दिसलं तर आखणी जशीच्या तशी. २४:५० च्या आत असशील तर सहावा किलोमीटर ५:०० नं धाव आणि मगच ठरवलेल्या आकड्यांवर ये. मिळालेले सेकंद बँकेत ठेवायचा मोह इथेच होतो, तो टाळ. आणि २५:१५ दिसलं तर? तेरा सेकंद मागे आहेस. ते एकाच किलोमीटरमध्ये वसूल करायचे नाहीत. दर किलोमीटरला दोन-तीन सेकंद कमी करत गेलीस तरी पूर्ण भरून निघतात, आणि नाही निघाले तरी हाताशी ठेवलेले वीस सेकंद आहेतच.

सहावा आणि सातवा, ४:५७ आणि ४:५६. आकड्यांत फारसा फरक नाही, पण लागणारे कष्ट वाढलेले असतील. ते वाढणारच, तोच पेस टिकवायला दर किलोमीटरला थोडं जास्त द्यावं लागतं. हृदयाचे ठोके वर गेलेले दिसले म्हणून घाबरून मागे येऊ नकोस. खरं तर या टप्प्यात ठोक्यांचा पडदा बघूच नकोस. पुढे दिसणारी एक पाठ निवड, तिच्यापर्यंत पोहोच, मग पुढची.

आठवा किलोमीटर, पुन्हा तोच चढ. माझ्या मते तुझी शर्यत इथे ठरेल. पाच किलोमीटरपूर्वी ५:०६ दिलेस, आता ५:०२. चार सेकंदांसाठी चढावर हल्ला करायची गरज नाही. पहिल्यांदा जितकी राखून चढलीस तितकी या वेळी राखू नकोस, एवढंच. मन इथे हमखास म्हणेल की ५१ सुद्धा वाईट नाही. त्या वेळी चढाचा माथा एवढंच लक्ष्य ठेव. माथ्यावर आठची खूण आहे, तिथे ३९:५७ हवं. ४०:१५ असलं तरी उरलेले दोन किलोमीटर लिहिल्याप्रमाणे ४:५१ आणि ४:५२ नं धावलीस तर ४९:५८ होतात. म्हणजे तिथवर काहीही हातचं गेलेलं नाही.

नवव्याला उतारावर पावलांची गती वाढू दे. दहाव्यात पहिले सहाशे मीटर त्याच लयीत, मग शेवटचे चारशे जे उरलं असेल ते. त्याआधी सुटू नकोस. हजार मीटरचा स्प्रिंट कुणालाच जमत नाही.

घड्याळाबद्दल एक गोष्ट नीट समजून घे. ऑटो लॅप बंद कर आणि प्रत्येक किलोमीटरच्या पाटीवर स्वतः लॅपचं बटण दाब. जीपीएस बहुतेक वेळा अंतर जास्त दाखवतं. समज शर्यत संपेपर्यंत त्यानं १०.१ किलोमीटर मोजले, आणि तू पडद्यावर सरासरी ४:५८ बघून खूश होतीस, तर प्रत्यक्षात ५०:१० लागतील. त्या अंतराला ४९:४० साठी पडद्यावर ४:५५ दिसायला हवं. म्हणून पडद्यावर फक्त दोन गोष्टी ठेव: एकूण वेळ आणि चालू लॅपची वेळ. कधी एखादी पाटी जरा पुढेमागे लावलेली असते. एक किलोमीटर ४:४० आणि पुढचा ५:१८ आला तर दोन्ही मिळून बघ, बेरीज ठीक असली की पुढे चल.

वॉर्म-अप नेहमीचाच. बारा मिनिटं हळू जॉग, मग ऐंशी मीटरचे चार स्ट्राइड्स, शेवटचा सुटायच्या आठ-दहा मिनिटं आधी. बूट तेच, जे इंटरव्हलला घातले होते.

उकाडा असेल तर ही आखणी चालणार नाही, आणि ते सुटल्यावर कळून उपयोग नाही. तेव्हा पट्टीच्या मागच्या बाजूला दुसरा तक्ता लिही: प्रत्येक किलोमीटरला पाच सेकंद जास्त. पाच किलोमीटरला २५:२७, शेवटी ५०:३०. म्हणजे दुसरे पाच २५:०३, तरीही निगेटिव्ह स्प्लिट, आणि तुझ्या मागच्या वेळेपेक्षा बेचाळीस सेकंद कमी. रविवारी उठल्यावर दहा मिनिटं बाहेर उभी राहा आणि मला फोन कर. पट्टीची कुठली बाजू वर ठेवायची ते आपण तेव्हाच ठरवू, आणि एकदा ठरलं की शर्यतीत बदलायचं नाही.