बारावीच्या विद्यार्थिनीस नीट परीक्षेच्या तयारीसाठी हजेरीत सवलत मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : 6 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. प्राचार्य,
कनिष्ठ महाविद्यालय विभाग,
विटा, जि. सांगली

अर्जदार : सौ. वैशाली संजय जाधव (पालक)
मु. पो. खरसुंडी, ता. आटपाडी, जि. सांगली

विषय : कु. ऋतुजा संजय जाधव, इयत्ता बारावी विज्ञान, तुकडी ब, हजेरी क्र. 47, हिला 10 नोव्हेंबर 2025 ते 22 जानेवारी 2026 या काळात आठवड्यातून तीन दिवस उपस्थित राहण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

माझी मुलगी ऋतुजा अकरावीपासून आपल्याकडे शिकते. येत्या मे महिन्यात ती वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा देणार आहे. त्या तयारीसाठी तिला सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे तीन दिवस महाविद्यालयात यायची आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार घरी अभ्यास करायची परवानगी द्यावी, अशी विनंती आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मी अंगणवाडी सेविका आहे. हजेरीपट रोज मीच भरते, त्यामुळे न आलेल्याच्या नावापुढे खूण करणे म्हणजे काय हे मला नीट ठाऊक आहे. तसले काही मी मागत नाही. ऋतुजा ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी तिची गैरहजेरीच लागावी. फक्त ती गैरहजेरी आपल्या परवानगीने असावी आणि तिच्यामुळे बोर्डाच्या परीक्षेचा अर्ज किंवा प्रवेशपत्र अडू नये, एवढेच मागणे आहे. नाव कॉलेजात आणि मुलगी वर्षभर दुसऱ्याच शहरातल्या क्लासमध्ये, हा प्रकार आम्हाला परवडणाराही नाही आणि पटणाराही नाही.

बोर्डाची 75 टक्क्यांची अट धरून मी हिशेब केला आहे. वर्गशिक्षिका मॅडमनी दाखवलेल्या नोंदीनुसार 8 नोव्हेंबरपर्यंत कामाचे 96 दिवस भरतात. त्यांपैकी ऋतुजाचे 93 भरतील. जे तीन दिवस ती आली नाही ते तापाचे होते, त्यांचा दाखला दिलेला आहे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीपर्यंत आणखी साधारण 62 दिवस कामाचे होतील, म्हणजे एकूण 158. त्याचे 75 टक्के म्हणजे 119 दिवस. आठवड्याला तीन दिवस धरले तर तिचे पुढे किमान 30 दिवस होतात. 93 आणि 30 मिळून 123, म्हणजे जवळजवळ 78 टक्के. मधे आजारपण आले तरी चार दिवसांची सोय हातात राहते. त्याहून जास्त दिवस बुडले तर मंगळवार-गुरुवारी पाठवून ते भरून काढायची जबाबदारी माझी.

आता घरी बसून काय होणार, हा प्रश्न आपण विचारालच. मीही तो ऋतुजाला विचारला होता. सध्या ती सकाळी साडेनऊच्या गाडीने निघते, मधे गाडी बदलते आणि अकराच्या तासाला पोहोचते. पाचला सुटल्यावर घरी यायला पावणेसात होतात. जेवण आणि थोडे घरकाम उरकून अभ्यासाला बसते तेव्हा डोळे मिटायला आलेले असतात. पहाटे साडेचारला उठून जे होते तेवढेच खरे वाचन. नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे असतात, चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. एकूण 720 गुणांपैकी 360 एकट्या जीवशास्त्राचे. गेल्या महिन्यात सांगलीला दिलेल्या दोन सराव परीक्षांत तिचे वीस-बावीस प्रश्न वाचायचेच राहिले. चुकले असते तर मी अभ्यास कमी म्हटले असते. राहिले, म्हणजे सराव कमी. मुख्य परीक्षा दुपारी दोन ते पाच असते आणि नेमक्या त्याच वेळी ती रोज वर्गात असते. घरच्या तीन दिवसांत दोन ते पाच घड्याळ लावून पेपर सोडवायचा आणि सकाळी आदल्या पेपरातल्या चुका काढायच्या, असे तिने ठरवले आहे. त्यातच बोर्डाची पुस्तके आणि एनसीईआरटीची पुस्तके यांची मांडणी सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे जीवशास्त्राची एनसीईआरटी तिला वेगळी वाचावी लागते. क्लास म्हणाल तर फक्त रविवारचा, सांगलीत, तोही सराव परीक्षेपुरता.

सोमवार, बुधवार, शुक्रवार हेच वार मागण्याचे कारण असे की ब तुकडीच्या तिच्या गटाची भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राची प्रात्यक्षिके याच दिवशी असतात. त्यातले एकही चुकणार नाही. या तीन विषयांत प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत आणि ते प्रयोगशाळेत हात चालवूनच मिळतात. शिवाय बारावीत हे विषय आणि इंग्रजी चांगले सुटले नाहीत तर नीटचे गुण घेऊन करायचे काय? राहिला प्रश्न मराठी, इंग्रजी आणि भूगोलाच्या बुडणाऱ्या तासांचा. इंग्रजीच्या मॅडमनी वही तपासून द्यायचे कबूल केले आहे. मराठी आणि भूगोलाच्या शिक्षकांना भेटायचे अजून राहिले आहे, आपली परवानगी मिळाली की लगेच भेटते. तोंडी परीक्षा, प्रकल्प आणि पर्यावरणाची वही ठरलेल्या तारखेला जमा होईल. पूर्वपरीक्षा ती पूर्ण देईल, मग ती कोणत्याही वारी असो.

पूर्वपरीक्षेत कोणत्याही विषयात तिचे गुण घटक चाचणीपेक्षा घसरले, तर ही सवलत त्याच दिवशी बंद करावी. मी दुसरा अर्ज घेऊन येणार नाही.

आणखी एक छोटी पण आमच्यासाठी मोठी गोष्ट. ऋतुजा एसटीच्या मुलींसाठीच्या मोफत पासवर प्रवास करते. त्या पासासाठी महाविद्यालयाचा दाखला लागतो. ती तीन दिवस येणार असली तरी नियमित विद्यार्थिनी म्हणून तो दाखला मिळत राहावा. पास बंद झाला तर ते तीन दिवससुद्धा कठीण होतील.

आपल्याला सर्वांसाठी एकच नियम ठेवावा लागतो, हे मी समजू शकते. एकीला दिले की उद्या दहा पालक दारात उभे राहतील, असे वर्गशिक्षिका मॅडमही म्हणाल्या. त्यांचे चुकत नाही. तीन दिवस देणे शक्य नसेल तर निदान मंगळवार आणि गुरुवारी दुपारी एकला तिला घरी सोडावे. त्या वेळी विट्याहून गाडी आहे. पेपर तीनला सुरू होईल, पण होईल. अर्थात मागणी पहिलीच आहे, ही दुसरी वाट नाइलाजाची.

याबाबत आपण बोलावाल त्या दिवशी मी आणि ऋतुजाचे वडील दोघेही येऊ. माझी अंगणवाडी दुपारपर्यंत असते, त्यामुळे तीननंतरची वेळ दिलीत तर सोयीचे होईल. सोमवार 10 नोव्हेंबरच्या आत निर्णय कळावा, ही विनंती. तोपर्यंत ऋतुजा रोज येत राहील.

आपली विश्वासू,
सौ. वैशाली संजय जाधव

विद्यार्थिनीची सही : ऋतुजा संजय जाधव

सोबत : 1) घटक चाचणीच्या गुणपत्रकाची प्रत 2) दोन सराव परीक्षांचे निकाल 3) तीन दिवसांच्या घरच्या अभ्यासाचे वेळापत्रक, ऋतुजाच्या हस्ताक्षरात