एएमसीच्या बिलातली चूक: आधी चॅट, मग मेल

१८ ऑगस्ट, सकाळ. संदीप सर (क्लायंटचे अॅडमिन) आणि मीनल (आपलं बिलिंग)

संदीप: मीनल मॅडम, एप्रिल ते जूनच्या एएमसी बिलात ३८ मशीन लावलीत तुम्ही. आमच्याकडे ३२ आहेत

संदीप: ६ मशीन २७ मार्चलाच स्क्रॅपला गेली, रिपोर्टवर तुमच्याच इंजिनियरची सही आहे. पाठवू का फोटो?

मीनल: नको सर, थांबा बघते

मीनल: हो सर बरोबर आहे तुमचं, आमच्याकडूनच चुकलंय खरंच सॉरी, झालं काय की मागच्या तिमाहीचं बिल कॉपी करून तारखा बदलल्या आणि मशीनचा आकडा तसाच राहिला, बिलिंगला नवीन मुलगा आलाय त्याच्या लक्षात नाही आलं आणि माझंही चेक करायचं राहिलं 🙏

संदीप: आणि हे दोन व्हिजिट चार्ज कसले? २२ मे आणि ९ जून. ब्रेकडाऊन कॉल तर कॉन्ट्रॅक्टमध्येच येतात ना

मीनल: हो ते पण बघते, बहुतेक लागायला नको होते

मीनल: सर तुम्ही एक काम करा ना, २,७०० कमी करून पेमेंट टाका, मी हे बिल कॅन्सल करून जुन्याच तारखेचं नवीन बिल आजच पाठवते, असं परत कध्धीच होणार नाही

संदीप: अहो असं व्हॉट्सॲपवर सांगून आमचे अकाउंट्सवाले एक रुपया पण कमी करत नाहीत. मेल करा व्यवस्थित, क्रेडिट नोट लावून. शुक्रवारी पेमेंट रन आहे, बुधवारपर्यंत आलं तर बसेल नाहीतर पुढच्या महिन्यात

मीनल: हो सर आजच करते

---

त्याच दिवशी दुपारी. मीनल आणि वर्षाताई (अकाउंट्स हेड)

मीनल: ताई वरची चॅट वाचली का, मी हेच जरा नीट भाषेत मेलमध्ये टाकते आणि पाठवते, चालेल ना

वर्षाताई: अगं थांब. हेच टाकलंस तर अजून एक मेल करावा लागेल हा मेल दुरुस्त करायला

वर्षाताई: पहिलं म्हणजे बिल कॅन्सल होणार नाही. ४ जुलैचं बिल आहे, जुलैचा जीएसटीआर-१ आपण ११ तारखेला भरून मोकळे झालो, त्यांच्या टू-बी मध्ये ते १४ ला दिसलं पण असेल. आता ते बिल तसंच राहणार आणि जास्तीच्या रकमेची क्रेडिट नोट जाणार आजच्या तारखेने. जुन्या तारखेचं नवीन बिल वगैरे तर बोलूच नकोस कुणाशी

मीनल: बरं बरं

वर्षाताई: दुसरं, २,७०० कुठून आणलेस

मीनल: ६ मशीन गुणिले ४५०

वर्षाताई: आणि त्यावरचा जीएसटी? आणि दोन व्हिजिट ६०० प्रमाणे? कॉन्ट्रॅक्टचा कलम ४ बघ, कामाच्या दिवशी ब्रेकडाऊन कॉल कितीही. २२ मे गुरुवार, ९ जून सोमवार, म्हणजे दोन्ही फुकट जायला हवे होते. एकूण ४,६०२ होतात. तू सांगितलेले २,७०० त्यांनी कापले असते तर आपण १,९०२ जास्त घेतले असते आणि महिन्याभराने परत हाच फोन आला असता

मीनल: अरे देवा 🤦‍♀️ मग चॅटमधला आकडा आता कसा मागे घेऊ

वर्षाताई: सरळ लिही की चॅटमधला आकडा धरू नका. गपचूप दुसरा आकडा टाकलास तर त्यांच्याकडे दोन आकडे राहतात आणि कुठला खरा ते विचारायला माणूस तीन दिवस घेतो

वर्षाताई: आणि नवीन मुलाचं काढून टाक. त्यांना काय करायचंय कोण नवीन नि कोण जुनं, बिल आपल्या नावाने गेलंय. सॉरी एकदाच, वर. कध्धीच होणार नाही हे पण काढ, त्याऐवजी आपण नक्की काय बदललं ते लिही, बदललं असेल तर

मीनल: मशीनची यादी शीटमध्ये अपडेट केली मी सकाळीच, सिरीयल नंबरसकट

वर्षाताई: मग तेच लिही, यादी पण जोड. आणि एक, ते विचारणारच की मशीन मार्चमध्ये गेली तर जानेवारी ते मार्चचं बिल पण चुकलं का. त्याचं उत्तर आधीच दे. तिमाहीच्या पहिल्या दिवशी जेवढी मशीन तेवढ्यांचं बिल असं कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे, त्यामुळे ते बरोबर आहे

मीनल: हो ताई, क्रेडिट नोट काढते आणि लिहून दाखवते

वर्षाताई: भाषा फार ऑफिशियल नको करूस, संदीप सरांना तुझ्याशी बोलायची सवय आहे. फक्त आकडे असे दे की त्यांच्या अकाउंट्सवाल्याला तुझी चॅट उघडायची वेळ येऊ नये

---

गेलेला मेल

प्रति: संदीप सर, अॅडमिन, अकाउंट्स विभाग
सीसी: वर्षाताई
विषय: बिल INV/25-26/214 मधली दुरुस्ती, क्रेडिट नोट CN/25-26/011, देय रक्कम १६,९९२ रुपये

संदीप सर नमस्कार,

एप्रिल ते जून २०२५ च्या एएमसीच्या बिलात (INV/25-26/214, ४ जुलै २०२५) आमच्याकडून दोन चुका झाल्यात आणि त्यामुळे बिल ४,६०२ रुपयांनी जास्त गेलंय. त्याबद्दल सॉरी. या जास्तीच्या रकमेची क्रेडिट नोट सोबत जोडली आहे, ती धरून तुम्ही आता द्यायची रक्कम १६,९९२ रुपये होते, टीडीएस कापायच्या आधी.

पहिली चूक मशीनच्या संख्येची. १ एप्रिलला तुमच्याकडे ३२ मशीन होती, ६ मशीन २७ मार्चला स्क्रॅप झाली होती आणि त्या रिपोर्टवर आमच्या इंजिनियरची सही आहे, पण बिल करताना आधीच्या तिमाहीचा ३८ हाच आकडा पुढे आला. दुसरी चूक व्हिजिट चार्जची. २२ मे आणि ९ जूनचे दोन्ही कॉल कामाच्या दिवशीचे ब्रेकडाऊन कॉल होते, कॉन्ट्रॅक्टच्या कलम ४ प्रमाणे त्यांचे वेगळे पैसे लागत नाहीत, तरी ते लावले गेले.

| तपशील | बिलात लावलं | लावायला हवं होतं | फरक |
|---|---|---|---|
| एएमसी, ४५० रुपये प्रति मशीन | ३८ मशीन, १७,१०० | ३२ मशीन, १४,४०० | २,७०० |
| व्हिजिट चार्ज, ६०० रुपये प्रमाणे | २ व्हिजिट, १,२०० | ० | १,२०० |
| करपात्र रक्कम | १८,३०० | १४,४०० | ३,९०० |
| सीजीएसटी ९% | १,६४७ | १,२९६ | ३५१ |
| एसजीएसटी ९% | १,६४७ | १,२९६ | ३५१ |
| एकूण | २१,५९४ | १६,९९२ | ४,६०२ |

क्रेडिट नोटचा तपशील असा:

क्रेडिट नोट नंबर: CN/25-26/011
तारीख: १८ ऑगस्ट २०२५
कुठल्या बिलावर: INV/25-26/214, ४ जुलै २०२५
सॅक कोड: 998713
कारण: मशीनची संख्या आणि व्हिजिट चार्ज जास्त लागले
रक्कम: ३,९०० अधिक जीएसटी ७०२, एकूण ४,६०२ रुपये

सकाळी चॅटवर मी २,७०० कमी करा असं म्हटलं होतं, तो आकडा कृपया धरू नका, त्यात जीएसटी आणि व्हिजिट चार्ज दोन्ही आले नव्हते. तसंच बिल कॅन्सल करून नवीन पाठवते असंही म्हटलं होतं, ते होणार नाही कारण मूळ बिल आमच्या जुलैच्या जीएसटीआर-१ मध्ये गेलेलं आहे. म्हणजे नवीन बिलाची वाट बघू नका, मूळ बिल आणि ही क्रेडिट नोट असे दोनच कागद राहतील.

हे पुढचं तुमच्या अकाउंट्ससाठी. क्रेडिट नोट आम्ही ऑगस्टच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवतोय, ११ सप्टेंबरच्या आत भरला जाईल, त्यानंतर ती तुमच्या आयएमएसमध्ये आणि ऑगस्टच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसेल. आयएमएसमध्ये ती अॅक्सेप्ट करा, चुकून रिजेक्ट झाली तर आमच्याकडे तेवढा टॅक्स परत देणं म्हणून उभा राहतो. जुलैच्या थ्रीबी मध्ये तुम्ही मूळ बिलाचं ३,२९४ रुपयांचं पूर्ण आयटीसी घेतलं असेल किंवा परवा २० तारखेपर्यंत घेणार असाल, तर त्यातले ७०२ रुपये ऑगस्टच्या थ्रीबी मध्ये कमी करावे लागतील. टीडीएस तुम्ही जीएसटी सोडून मूळ रकमेवर कापता, तो आता १४,४०० वर येईल. बिल बुक करताना १८,३०० वर आधीच कापून भरलेला असेल तर फक्त तेवढं कळवा, म्हणजे आमच्या बाजूला तीच रक्कम धरून पेमेंट जुळवता येईल.

जानेवारी ते मार्चच्या बिलात ३८ मशीन आहेत ते मात्र बरोबर आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये तिमाहीच्या पहिल्या दिवशीची संख्या धरायची असं आहे आणि १ जानेवारीला ३८ मशीन चालू होती, त्यामुळे त्या बिलात काही बदल नाही.

आमच्या शीटमध्ये आज ३२ मशीनची यादी सिरीयल नंबरसकट अपडेट केली आहे आणि इथून पुढे आधीचं बिल कॉपी न करता या यादीवरूनच बिल निघेल, जुलै ते सप्टेंबरचं पण. यादी सोबत जोडली आहे, तुमच्या रजिस्टरशी एकदा ताडून बघा आणि एखादा नंबर जुळत नसेल तर सप्टेंबर संपायच्या आत सांगा.

शुक्रवारच्या पेमेंट रनमध्ये हे बसवायचं असेल तर बुधवारपर्यंत याच मेलला "१६,९९२ मान्य" एवढं उत्तर आलं तरी आम्हाला पुरेल. क्रेडिट नोटची सही-शिक्क्याची कागदी कॉपी लागत असेल तर सांगा, उद्या इंजिनियर तुमच्याकडे येणारच आहे त्याच्याबरोबर देते.

मीनल
बिलिंग

जोडलेल्या फाईल: CN-25-26-011.pdf, INV-25-26-214.pdf, AMC-machine-list-32.xlsx

---

१८ ऑगस्ट, संध्याकाळ

मीनल: सर मेल टाकलाय, क्रेडिट नोट आत आहे. सकाळचे २,७०० विसरा, ४,६०२ कमी होतायत, १६,९९२ द्यायचे

संदीप: बघितला. अकाउंट्सला फॉरवर्ड केला. २० च्या आत थ्रीबी भरतायत ते, आयटीसी पूर्णच घेतील म्हणाले, ७०२ पुढच्या महिन्यात

मीनल: चालेल सर. आणि टीडीएस?

संदीप: अजून कापला नाही, १४,४०० वरच कापू