पहिलीच्या प्रवेशासाठी व्हिडिओची संहिता

शाळा : वाडीवरची जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड
कोणासाठी : ऊसतोडीला गेलेले पालक आणि मागे राहिलेले आजी-आजोबा
लांबी : सुमारे चार मिनिटं

चित्रीकरणाआधी : मोबाइलवरच घ्यायचं. कोपीवर रेंज कमी असते, म्हणून फाइल लहान हवी. गाणं नको. वर्ग सजवायचा नाही, मुलांना उत्तरं पढवायची नाहीत.

दृश्य 1. शाळेचं फाटक. मुलं आत येताहेत, दोघं पळत.

बाईंचा आवाज : राम राम. मी पहिली-दुसरीची बाई बोलतेय. तुमच्या घरातलं जे लेकरू यंदा पहिलीत जायचंय, त्याच्यासाठी हा व्हिडिओ केलाय. आज साधा मंगळवार आहे. दिसेल ते रोजचंच आहे.

दृश्य 2. पहिली-दुसरीची खोली. दुसरीची मुलं भिंतीकडेला लिहिताहेत. पहिलीतला एक मुलगा चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करतोय. एका ढिगात नऊच आहेत. बाई म्हणतात, "हा परत मोज." तो मोजतो, एक चिंचोका उचलून त्यात टाकतो. हे सलग दाखवायचं, मध्ये कट नको.

बाईंचा आवाज : दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग. मी पहिलीला शिकवते तेव्हा दुसरीला स्वतःचं काम करावं लागतं. ही अडचण आहेच. पण शाळेत मुलं 38. कोणाचा 'ळ' अजून उलटा पडतो, कोण हातचा विसरतो, हे आम्हाला वही न उघडता सांगता येतं.

दृश्य 3. मुलं बोलतात. बाई तिथं थांबणार नाहीत, प्रश्न एका पालकानं विचारायचे.

चौथीतली मुलगी : मला वाचायला आवडतं. एसटीची पाटी आजीला मीच वाचून दाखवते.

तिसरीतला मुलगा : भागाकार नाही आवडत. खिचडी आवडते. मटकी असली की दोनदा घेतो.

तिसरीतली मुलगी : मुलींच्या संडासाला कडी नाही. मैत्रिणीला बाहेर उभं करावं लागतं.

(हे वाक्य काढायचं नाही.)

बाईंचा आवाज : खरं आहे. शाळा उघडायच्या आत कडी बसवायची, असं शाळा व्यवस्थापन समितीत ठरलंय. समितीत चारातले तीन सदस्य पालकच असतात. गावी आलात की येऊन कडी लावून बघा, नसली तर आम्हाला जाब विचारा.

दुसरीतला मुलगा : आई-बाबा कारखान्याला गेलेत. मी आजीपाशी झोपतो, रातचं हंगामी वसतिगृहात जेवतो. आई पाडव्याला येणारे.

(तो थांबला तर थांबू द्यायचं. पुढचा प्रश्न विचारायचा नाही.)

दृश्य 4. तिसरी-चौथीचे सर, फळ्याजवळ.

सर : सगळे विचारतात, इंग्रजीचं काय? इंग्रजी विषय पहिलीपासून आहे, बाकी सगळं मराठीतून. चौथीतून बाहेर पडताना मूल फाडफाड इंग्रजी बोलेल, असं मी सांगणार नाही. सोपी वाक्यं वाचतं, स्वतःबद्दल चार ओळी लिहितं. पण घरी ज्या भाषेत बोलतं त्याच भाषेत शिकवलेलं असल्यामुळं नाही कळलं तर हात वर करून विचारतं. "सर, असं का?" हे ऐकायलाच मी वर्गात येतो.

दृश्य 5. बाई, व्हरांड्यात, थेट कॅमेऱ्याकडे बघून.

बाई : एक बोलायचं राहिलं. धाकट्याला सांभाळायला थोरलीला सोबत नेता, हे मला माहीत आहे. कोयता दोघांनी चालवल्याशिवाय उचल फिटत नाही, तेही माहीत आहे. तरी हात जोडून सांगते, तिला गावी ठेवा. पाच-सहा महिने वर्गाबाहेर राहिलेली मुलगी परत येते तेव्हा तिच्या मैत्रिणी धडा वाचत असतात आणि ती अक्षरं लावत बसते. मग तिलाच शाळेत यायची लाज वाटायला लागते. वसतिगृहाच्या जेवणाची चव तुम्ही स्वतः घेऊन बघा, मगच ठरवा. आणि न्यावंच लागलं तर आमच्याकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत तिला बसता येतं.

शेवटची पाटी, बाईंच्या आवाजात वाचून :

येत्या 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची नावं पाडव्यापासून घेतोय. आजी-आजोबांनी आणलं तरी चालेल. फी नाही, पाठ्यपुस्तकं मोफत. जन्माचा दाखला, आधार कार्ड असेल तर आणा. नसेल तरी लेकराला घेऊन या, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सकाळी भरते तेव्हा कधीही या, मागच्या बाकावर बसून तास बघा.