कार्यालय स्थलांतराची सूचना : सोमवार, ३० नोव्हेंबर २०२६ पासून आमचा नवा पत्ता अकोटा

सहयोग लेखा व कर सल्ला सेवा
दांडिया बाजार, वडोदरा ३९०००१

दिनांक : १६ नोव्हेंबर २०२६

प्रति,
आमचे सर्व ग्राहक व पुरवठादार

विषय : कार्यालय दांडिया बाजारातून अकोट्याला हलवत असल्याबाबत

सप्रेम नमस्कार वि. वि.

दिवाळीच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. लाभपाचम झाली, दुकाने-पेढ्या उघडल्या, कामे पुन्हा सुरू झाली. अशा वेळी कळविण्यास आनंद होतो की आमचे कार्यालय या महिनाअखेर अकोट्याला मोठ्या जागेत जात आहे. सोमवार, ३० नोव्हेंबर २०२६ रोजी सकाळी १० वाजल्यापासून सर्व काम पुढील पत्त्यावरून चालेल :

सहयोग लेखा व कर सल्ला सेवा
३०४, श्रीनिधी चेंबर्स, तिसरा मजला,
सर सयाजीराव नगरगृहाजवळ, अकोटा,
वडोदरा ३९००२०

दांडिया बाजारकडून येणाऱ्यांनी विश्वामित्रीवरचा अकोटा पूल ओलांडायचा आणि नगरगृहाची खूण धरायची. गाडी इमारतीच्या आवारात लावता येते. लिफ्ट आहे, आणि ती चालते. जुन्या जागेचा अरुंद जिना चढून दर वर्षी विवरणपत्रावर सही करायला येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ ग्राहकांनी याबद्दल आम्हाला पुष्कळदा, आणि अगदी योग्य शब्दांत, ऐकवले आहे.

जागा बदलण्याचे खरे कारण मात्र कागद. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्याच्या खोलीतले तुमचे खोके आम्हाला रातोरात जिन्याने वर न्यावे लागले. काही भिजले नाही, पण त्या रात्रीनंतर तळमजल्यावर कोणाची कागदपत्रे ठेवायची नाहीत हे ठरले. नव्या जागेत दप्तरखाना तिसऱ्या मजल्यावर, कार्यालयाच्या आतच आहे.

कधी बंद, कधी सुरू

हिशोबाच्या धंद्यात रिकामा आठवडा नसतो, त्यातल्या त्यात मोकळा निवडावा लागतो. २० तारखेला जीएसटीआर-३बी होते, तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांचा मासिक कर २५ तारखेला जातो, आणि ७ डिसेंबरला टीडीएसचा भरणा येतो. म्हणून मधले दिवस धरले आहेत.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर रोजी दुपारी ३ वाजता दांडिया बाजारचे कार्यालय कामकाजासाठी बंद होईल आणि ५ वाजता सर्व्हर उतरवला जाईल. शनिवारी सामान हलेल. शनिवारी संध्याकाळपर्यंत नव्या जागी सर्व्हर आणि इंटरनेटच्या दोन्ही लाइन सुरू करून रविवारी दिवसभर चाचणी घेऊ. म्हणजे प्रत्यक्ष भेटीसाठी आम्ही बंद असू ते शुक्रवारची दुपार आणि शनिवार एवढेच. रविवार एरवीही सुट्टीचाच. या काळात फोन आणि ई-मेल चालू राहतील. शनिवारी सर्व्हर बंद असताना जुना हिशोब पाहून उत्तर द्यायचे असेल, तर ते रविवारी मिळेल. कोणाला छाननीची नोटीस आली किंवा बँकेने तातडीने ताळेबंद मागितला, तर शनिवारीही फोन करा. त्यासाठी एक भागीदार लॅपटॉप घेऊन बसलेले असतील. त्यांना खोके उचलायला लावणार नाही.

एक अडचण मात्र खरी आहे : पगारपत्रके. ज्या कारखान्यांचे आणि दुकानांचे पगार आम्ही काढतो, त्यांचे नोव्हेंबरचे काम नेमके याच दिवसांत येते. त्यामुळे हजेरी, ओव्हरटाइम आणि उचल यांची माहिती एरवी २७-२८ तारखेला येते, ती या वेळी मंगळवार, २४ नोव्हेंबरपर्यंत पाठवावी ही विनंती. शेवटच्या आठवड्यातली हजेरी अंदाजाने धरू आणि फरक डिसेंबरच्या पगारात वळता करू. २४ पर्यंत माहिती आली तर पगाराची यादी गुरुवारी २६ ला तुमच्या हाती असेल. नंतर आली तर ३० तारखेला संध्याकाळी. मकरपुरा आणि वाघोडियाच्या युनिटांना याबद्दल वेगळे फोन जातील.

डिसेंबरच्या कोणत्याही तारखेत बदल नाही. टीडीएस ७ ला, जीएसटीआर-१ ११ ला, पीएफ-ईएसआय आणि अग्रिम कराचा तिसरा हप्ता १५ ला, जीएसटीआर-३बी २० ला. बिले तुम्ही ज्या दिवशी पाठवता त्याच दिवशी पाठवत राहा. आमच्या स्थलांतरामुळे तुमचा भरणा उशिरा झाला आणि व्याज किंवा विलंब शुल्क लागले, तर ते आम्ही भरू.

तुमच्या ठेवी : डिजिटल सह्या, मूळ कागद, जुने चोपडे

अनेकांचे डिजिटल सहीचे टोकन आमच्याकडे असते. ही टोकन टेंपोत जाणार नाहीत. नोंदवहीशी क्रमांक ताडून ती कुलूपबंद पेटीत ठेवली जातील आणि भागीदार स्वतःच्या गाडीतून नेतील. पोहोचल्यावर पुन्हा मोजणी होईल. मूळ दस्तऐवज, मुदत ठेवींच्या पावत्या आणि चेकबुके यांनाही हीच रीत. स्थलांतराआधी आपले टोकन परत न्यायचे असेल तर २५ तारखेपर्यंत येऊन सही करून न्या, आम्हाला त्यात काही वाटणार नाही.

जुन्या दप्तराबद्दल थोडे सविस्तर लिहितो. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०१७-१८ चे वार्षिक विवरणपत्र फेब्रुवारी २०२० मध्ये देय होते, म्हणजे त्या वर्षाची मुदत संपली आहे. त्यामुळे २०१७-१८ आणि त्याआधीचे खोके, लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांसह, नव्या जागेत न नेता ज्याचे त्याला परत करायचे असे ठरवले आहे. ज्यांचे अपील किंवा चौकशी अजून चालू आहे त्यांचे सर्व कागद आमच्याबरोबर येतील. ती यादी तयार आहे. बाकीच्यांनी २३ तारखेपर्यंत न्यायला यावे किंवा घरपोच हवे असल्यास सांगावे. कोणाचेही काही न विचारता रद्दीत जाणार नाही. वडिलांच्या, आजोबांच्या हातच्या नोंदी असलेले चोपडे काही घरांना हवे असतात, ते आम्ही जाणून आहोत.

पत्त्याचे कागदोपत्री बदल

नवी जागा गुजरातमध्येच असल्यामुळे आमचा जीएसटी क्रमांक बदलत नाही. तो २४ नेच सुरू होणारा जुनाच राहील. पॅन आणि टॅनही तेच. मुख्य व्यवसाय स्थळ बदलल्यापासून १५ दिवसांत फॉर्म जीएसटी आरईजी-१४ मध्ये अर्ज करायचा असतो. आम्ही तो ३० तारखेलाच दाखल करू. तो मंजूर होईपर्यंत पोर्टलवर दांडिया बाजारचाच पत्ता दिसेल, त्यात काही गडबड नाही.

काही ग्राहकांनी आयकर किंवा जीएसटीच्या पत्रव्यवहारासाठी आमच्या कार्यालयाचा पत्ता दिलेला आहे. तो डिसेंबरमध्ये आम्ही बदलून देऊ, शुल्क नाही. या कामात तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल. त्याआधी तुमचे काम नेहमी पाहणारी व्यक्ती फोन करून वेळ ठरवेल. अनोळखी आवाजाने ‘सहयोगमधून बोलतोय’ म्हणून ओटीपी मागितला, तर फोन ठेवा आणि आमच्या जुन्या क्रमांकावर लावून विचारा.

आता या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ : आमचा पत्ता बदलतो आहे, बँक खाते बदलत नाही.

कार्यालय हलल्याची बातमी फिरली की ‘नव्या जागेबरोबर खातेही नवे, पुढचे पैसे इथे भरा’ असे खोटे ई-मेल येतात. नाव तेच, लेटरहेड तेच, ई-मेलच्या पत्त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे. असे पत्र आले तर एक रुपयाही पाठवू नका. कोणाची फसवणूक झालीच, तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते. पुरवठादारांनाही हेच उलट बाजूने : तुमचे खाते बदलल्याचे नुसते ई-मेल आम्ही मान्य करणार नाही, फोन करून खात्री करू. राग मानू नये.

आमचे लँडलाइन, मोबाइल क्रमांक आणि ई-मेल पत्ते सर्व तेच राहतील. लँडलाइन नव्या जागी जोडली जाईपर्यंत मोबाइलवर वळवलेली असेल.

पुरवठादारांसाठी

१ डिसेंबरपासूनच्या बिलांवर अकोट्याचा पत्ता घाला. नोव्हेंबरचा माल ज्या जागी उतरला त्याच पत्त्याचे बिल चालेल. तुमची देणी ठरलेल्या मुदतीतच मिळतील. स्थलांतर हे पैसे अडवायचे कारण नाही. कागदाची रिमे, टोनर आणि पाण्याचे जार २६ तारखेनंतर दांडिया बाजारात उतरवू नका. नव्या इमारतीत मालाची ने-आण दुपारी २ ते ५ या वेळेतच करू देतात आणि चौकीवर गाडीचा नंबर लिहावा लागतो, तेव्हा वेळ सांभाळा. एसी आणि संगणक देखभालीचे करार आहेत त्या अटींवर नव्या जागेला लागू करायचे आहेत. त्यासाठी २३ तारखेच्या आठवड्यात जागा पाहून जावे.

टपाल वळवण्यासाठी टपाल खात्याला लेखी कळवले आहे. कुरिअरवाले तसे करत नाहीत, म्हणून ३१ डिसेंबरपर्यंत दांडिया बाजारच्या जागेत सकाळी ११ ते संध्याकाळी ५ आमचा माणूस बसेल. चुकून तिथे गेलेले पाकीट त्याच दिवशी अकोट्याला पोहोचेल. पत्ता न वाचता सवयीने जुन्या जागी येणारेही असतील. त्यांना पाणी आणि नवा पत्ता दोन्ही मिळेल.

गुजराती भाषिक ग्राहकांना हेच पत्र गुजरातीत वेगळे पाठवत आहोत. कोणाला दोन्ही मिळाले तर एक शेजाऱ्याला द्यावे.

रविवार, २९ नोव्हेंबर रोजी सकाळी १० वाजता नव्या जागेत गणेशपूजन आहे. ११ ते १ चहा-फराळासाठी अवश्य यावे. हार, भेटवस्तू आणू नयेत ही मनापासून विनंती, आणि त्या दिवशी फाइलीही आणू नयेत.

आपले स्नेहांकित,
भागीदार
सहयोग लेखा व कर सल्ला सेवा, वडोदरा

ता. क. : ३० नोव्हेंबरपासून कामाची वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते ६.३० आणि शनिवारी १० ते २ अशी राहील. दुपारी १.३० ते २ जेवणाची सुट्टी पूर्वीसारखीच.